डम्पिंग म्हणजे नक्की काय? स्वस्त विकणं आणि बुडवण्यासाठी विकणं यातला फरक

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत सुताचा भाव वर-खाली झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. सूतगिरणीवाले म्हणतात, "बाहेरचे लोक माल डंप करतायत, आम्हाला संपवायला निघालेत." लूम चालवणारा म्हणतो, "स्वस्त मिळतंय तर मिळू द्या ना, सरकार मध्ये टॅक्स कशाला लावतं?" दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. पण 'डंप करणं' आणि 'संपवायला निघणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच धरल्या की पुढची सगळी चर्चा चुकते, आणि त्या चुकीचे पैसे शेवटी कापड विणणारा आणि कापड घेणारा भरतो.

म्हणून आधी डम्पिंगचा कायद्यातला अर्थ पाहू, मग एका गिरणीचा साधा हिशेब करू, आणि शेवटी आपल्या रेयॉनच्या धंद्यात प्रत्यक्षात काय घडलं ते बघू.

एकाच मालाचे दोन भाव

मोहल्ल्यातल्या बेकरीपासून सुरुवात करू. बेकरीवाला काउंटरवर पाव पाच रुपयाला विकतो. तोच पाव कोपऱ्यावरच्या हॉटेलला रोज दोनशे नग असा साडेतीन रुपयाला देतो. पीठ तेच, भट्टी तीच, पाव तोच. हॉटेलवाला मोठं गिऱ्हाईक आहे, भाव करतो, आणि दुसऱ्या बेकरीकडे जायला त्याला वेळ लागत नाही. काउंटरवरचं गिऱ्हाईक मात्र दीड रुपयासाठी लांब जाणार नाही. म्हणून दोन भाव. अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. यात कुणाला बुडवायचा बेत नसतो.

हे जमायला एक अट लागते: दोन बाजार एकमेकांपासून वेगळे राहिले पाहिजेत. हॉटेलवाल्याने तेच पाव चार रुपयाला बाहेर विकायला काढले, तर बेकरीवाल्याचा पाच रुपयांचा भाव दोन दिवसांत कोसळेल.

आता बेकरीच्या जागी परदेशातली गिरणी ठेवा. काउंटर म्हणजे तिचा स्वतःचा देश आणि हॉटेल म्हणजे आपला देश. गिरणी आपल्या देशात महाग विकते आणि भारतात स्वस्त. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यात डम्पिंग म्हणतात ते एवढ्यालाच. जागतिक व्यापार संघटनेचा करार आणि आपला १९७५ चा कस्टम्स टॅरिफ कायदा, त्यातलं कलम ९अ, दोन्हींत कसोटी हीच आहे. निर्यातीचा भाव हा त्या मालाच्या 'सामान्य मूल्या'पेक्षा, म्हणजे सहसा त्याच्या मायदेशातल्या भावापेक्षा, कमी आहे का? कमी असेल तर ते डम्पिंग. विकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कायदा विचारत नाही.

हिशेब पहिला: नफ्यासाठी स्वस्त

समजा, परदेशात तंतू बनवणारी एक गिरणी आहे. सगळे आकडे समजुतीसाठी रुपयांत घेऊ. रोज २,००० किलो माल काढायची तिची ताकद आहे. लगदा, रसायनं, वीज, मजुरी असा माल काढला तरच होणारा खर्च किलोला १०० रुपये. इमारत, मशीन, कर्जाचा हप्ता असा माल काढा की काढू नका, व्हायचाच तो खर्च दिवसाला ४०,००० रुपये.

तिच्या देशात बाहेरच्या मालावर मोठी जकात आहे, त्यामुळे स्पर्धा नाही. १५० रुपये भाव लावला तर तिथे १,००० किलो विकला जातो. किलोमागे ५० रुपये सुटतात, म्हणजे ५०,००० रुपये. भाव १४० केला तर विक्री १,१०० किलोवर जाते, पण हातात ४४,००० रुपयेच येतात. १६० केला तर विक्री ८०० किलोवर येते आणि ४८,००० रुपये मिळतात. म्हणजे मायदेशात तिच्यासाठी १५० हाच भाव बरा. ५०,००० मधून बांधील खर्चाचे ४०,००० गेले, नफा १०,००० रुपये.

पण गिरणी अर्धीच चालतेय. उरलेल्या १,००० किलोचं काय करायचं? भारतात पाच-सहा देशांचा माल येतो आणि गिरणीच्या दारात हिशेब धरला तर १२० रुपयांच्या वर भाव मिळत नाही. गिरणी १२० ने १,००० किलो पाठवते. किलोमागे २० रुपये, म्हणजे आणखी २०,००० रुपये. एकूण नफा १०,००० वरून ३०,००० वर गेला.

इथे गिरणीचं नुकसान कुठेच झालेलं नाही. पूर्ण २,००० किलो माल काढल्यावर बांधील खर्च किलोला २० रुपये पडतो, म्हणजे किलोचा पूर्ण खर्च १२० रुपये. तो निर्यातीच्या भावातून निघतोय. ती बाजारातल्या चालू भावानेच विकतेय आणि उद्या भारतातल्या गिरण्या टिकल्या काय, बंद पडल्या काय, तिचा हिशेब त्यावर अवलंबून नाही. तरीही कायद्याच्या भाषेत हे स्पष्ट डम्पिंग आहे. मायदेशात १५०, निर्यातीला १२०, फरक ३० रुपये. याला डम्पिंग मार्जिन म्हणतात आणि ते निर्यातीच्या भावाच्या टक्केवारीत सांगतात: इथे २५ टक्के.

हिशेब दुसरा: बुडवण्यासाठी स्वस्त

आता त्याच गिरणीच्या मालकाने ठरवलं की भारतातल्या गिरण्या बंद पाडायच्या आणि नंतर आपणच राज्य करायचं. बाजारात १२० मिळत असताना तो ८५ रुपयांनी विकायला लागतो. याला प्रिडेटरी प्रायसिंग म्हणतात. आपण 'बुडवणारा भाव' म्हणू.

किलो काढायलाच १०० रुपये लागतात, म्हणजे प्रत्येक किलोमागे १५ रुपये खिशातून जातात. १,००० किलोवर रोज १५,००० रुपये तोटा. मायदेशातल्या विक्रीतून बांधील खर्च वजा जाऊन उरलेले १०,००० त्यात गेले आणि वर ५,००० चा खड्डा. पण खरी किंमत याहून मोठी आहे. सरळ धंदा केला असता तर रोज ३०,००० मिळाले असते. आता ५,००० जातायत. म्हणजे बुडवायच्या हट्टापायी तो रोज ३५,००० रुपये सोडतोय. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १ कोटी ५ लाख रुपये.

हे पैसे कधीतरी वसूल करावे लागतील. समजा, वर्षभरात भारतातल्या गिरण्या खरंच बंद पडल्या. मग त्याने भाव १४० केला आणि विक्री १,००० किलोच राहिली. पूर्वीच्या १२० पेक्षा किलोमागे २० रुपये जास्त, म्हणजे रोज २०,००० रुपये. १ कोटी ५ लाख भरून निघायला ५२५ कामाचे दिवस लागतील, पावणेदोन वर्षं. तोपर्यंत फक्त मुद्दल परत आलं, फायदा त्यानंतर.

आणि या पावणेदोन वर्षांत दुसऱ्या कुणीही १३० रुपयांनी माल आणता कामा नये. इंडोनेशिया नाही, चीन नाही, थायलंड नाही. बंद पडलेली गिरणी विकत घेऊन कुणी पुन्हा चालू करता कामा नये. एवढ्या देशांतून माल येत असताना ते कसं जमायचं? बुडवणाऱ्या भावाची खरी अडचण इथे आहे. स्वस्त विकणं सोपं आहे, त्यानंतर महाग विकत राहणं अवघड.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. जपानी कंपन्या आपल्या देशात टीव्ही महाग आणि अमेरिकेत स्वस्त विकून आम्हाला बुडवतायत, असा दावा झेनिथ या अमेरिकन कंपनीने केला होता. १९८६ च्या निकालात न्यायालयाने दावा मान्य केला नाही. कारण सरळ होतं: कट दोन दशकं चालू आहे असं म्हणता, तरी झेनिथ आणि आरसीए याच कंपन्यांचा बाजारातला वाटा सगळ्यात मोठा आहे. वीस वर्षं तोटा सोसून हाती काहीच न येणारा कट कोण करेल? जपानी टीव्ही स्वस्त होते, दोन देशांत दोन भाव होते, पण म्हणून बुडवण्याचा बेत सिद्ध होत नाही.

याचा अर्थ बुडवणारा भाव कधीच नसतो असा नाही. जिथे विकणारे एक-दोनच आहेत, नवा कारखाना उभारायला प्रचंड पैसा आणि अनेक वर्षं लागतात, किंवा बाहेरच्या मालाला दुसरा अडथळा आहे, तिथे तो जमू शकतो. पण तो दाखवावा लागतो, नुसत्या स्वस्त भावावरून गृहीत धरता येत नाही.

फरक ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट, भाव कशाच्या खाली आहे ते बघायचं. मायदेशातल्या भावाच्या खाली असेल तर तो साधा मूल्यभेद असू शकतो. पूर्ण खर्चाच्या खाली पण माल काढायच्या खर्चाच्या वर असेल, म्हणजे आपल्या उदाहरणात १०० ते १२० च्या मध्ये, तर बहुतेक वेळा मंदी असते. गिऱ्हाईक नसलं की लूमवालाही हप्ता निघाला नाही तरी मजुरी आणि वीज निघेल अशा भावात कापड देतोच. लूम बंद ठेवण्यापेक्षा ते बरं. १०० च्या खाली कुणी सतत विकत असेल, तर मात्र संशयाला जागा आहे.

दुसरी गोष्ट, विकणारे किती आहेत. दहा देशांतल्या वीस गिरण्या एकाच वेळी स्वस्त विकत असतील तर कारण बहुधा जास्तीचं उत्पादन असतं. वीस जणांनी एकत्र तोटा सोसायचा आणि मग एकत्र भाव चढवायचा, हे सहसा टिकत नाही.

तिसरी गोष्ट, वसुलीचा रस्ता आहे का. समोरचे बंद पडल्यावर भाव चढवला तर दुसरा कुणी आत येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर बुडवणाऱ्या भावाचा हिशेबच बसत नाही.

आपल्या देशात हे काम स्पर्धा कायद्याचं आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात बुडवणाऱ्या भावाची व्याख्या आहे: खर्चाच्या खाली आणि स्पर्धा कमी करण्याच्या किंवा स्पर्धकाला संपवण्याच्या हेतूने लावलेला भाव. तो लावणारा बाजारात वर्चस्व असलेला हवा, आणि खर्च मोजताना साधारणपणे सरासरी बदलता खर्च धरतात, म्हणजे आपल्या उदाहरणातले १०० रुपये. हेतू, खर्च आणि वर्चस्व या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. अँटी-डम्पिंगच्या तपासात यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही.

अमेरिकेत एकेकाळी दोन्ही वाटा खुल्या होत्या. १९१६ च्या कायद्यात डम्पिंग करणाऱ्याचा हेतू इथला उद्योग बुडवण्याचा होता, हे दाखवावं लागे. हेतू सिद्ध करणं इतकं जड गेलं की तो कायदा जवळपास वापरलाच गेला नाही आणि २००४ मध्ये रद्द झाला. १९२१ च्या दुसऱ्या कायद्यात फक्त भावाचा फरक आणि उद्योगाचं नुकसान पाहायचं होतं. तीच वाट पुढे जगभर रूढ झाली.

ड्युटी ठरते कशी?

भारतात तक्रार वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआर या कार्यालयाकडे जाते. तक्रार देशातल्या उत्पादकांनी करायची असते आणि तिला पाठिंबा देणाऱ्यांचा देशातल्या उत्पादनात किमान २५ टक्के वाटा लागतो. डीजीटीआर तीन गोष्टी तपासते: डम्पिंग आहे का, देशातल्या उद्योगाला इजा झाली आहे का, आणि ती इजा डम्पिंगमुळेच झाली आहे का. तिसरी गोष्ट महत्त्वाची. गिरणी जुन्या मशीनमुळे किंवा मागणी पडल्यामुळे तोट्यात असेल, तर त्याचं खापर आयातीवर फोडता येत नाही. डम्पिंग मार्जिन दोन टक्क्यांच्या खाली असेल तर प्रकरण तिथेच संपतं. डीजीटीआर फक्त शिफारस करते, ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं. लावली तर ती साधारण पाच वर्षांसाठी असते आणि नंतर फेरतपासणी करून वाढवता येते.

आता आपल्या उदाहरणात ड्युटी किती बसेल ते पाहू. डम्पिंग मार्जिन ३० रुपये आहे. पण भारताच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे: इजा भरून निघेल तेवढीच ड्युटी लावायची. समजा, भारतातल्या गिरणीचा वाजवी खर्च आणि वाजवी नफा धरून तिला किलोला १४२ रुपये मिळायला हवेत. बाहेरचा माल भाडं आणि नेहमीची जकात धरून बंदरावर १३० ला पडतो. फरक १२ रुपये. ३० आणि १२ मधला लहान आकडा घ्यायचा. ड्युटी १२ रुपये.

दुसऱ्या हिशेबातली ८५ वाली गिरणी घ्या. मार्जिन ६५ रुपये. माल साधारण ९५ ला येऊन पडतो, १४२ पर्यंतचा फरक ४७. ड्युटी ४७ रुपये.

दोन्ही ठिकाणी शेवटचा भाव तोच आला: १४२. एक गिरणी रिकामी मशीनं चालवण्यासाठी चालू भावात विकत होती, दुसरी बुडवायला निघाली होती. सूत घेणाऱ्याच्या दृष्टीने दोघींचा माल एकाच भावाचा झाला. कायद्याचं माप भावाचा फरक आणि इजा एवढंच मोजतं. हेतू त्या मापात येतच नाही.

आता हे १२ रुपये लूमपर्यंत आणू. तंतूपासून सूत होताना जाणारी घट सोडून दिली आणि १०० मीटर कापडाला १२ किलो सूत धरलं, तर १४४ रुपये वाढले, मीटरमागे १ रुपया ४४ पैसे. ज्या धंद्यात मीटरमागच्या पैशांवर मजुरीचा भाव ठरतो, तिथे हा आकडा लहान नाही. आणि ड्युटी फक्त तंतूवर असेल, तयार कापडावर नसेल, तर परदेशातला विणकर तोच तंतू स्वस्तात घेऊन कापड आपल्याकडे पाठवतो. गिरणी वाचते, लूम अडचणीत येतं.

रेयॉनच्या धंद्यात काय झालं

हे नुसतं कागदावरचं नाही. आपण ज्याला रेयॉन म्हणतो ते कापड व्हिस्कोस स्टेपल फायबर या तंतूच्या सुतापासून होतं. तो लाकडाच्या लगद्यापासून बनवतात. भारतात हा तंतू बनवणारी मुख्य कंपनी ग्रासिम इंडस्ट्रीज. चीन आणि इंडोनेशियातून येणाऱ्या या तंतूवर २०१० पासून अँटी-डम्पिंग ड्युटी होती. २०१६ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवली गेली. उत्पादकानुसार ती किलोला साधारण १० सेंटपासून ५१ सेंटपर्यंत होती. २०२१ च्या डॉलरच्या दराने म्हणजे अंदाजे साडेसात ते अडतीस रुपये.

सूतगिरण्या आणि कापड बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की आम्हाला कच्चा माल जगापेक्षा महाग पडतो आणि तयार माल विकताना जगाशी स्पर्धा करावी लागते. तंतू बनवणाऱ्याची बाजूही खोटी म्हणता येत नाही. कारखाना मोठा पैसा ओतून उभा राहतो, परदेशातल्या जास्तीच्या उत्पादनाचा लोंढा आला की त्यालाच झळ बसते, आणि एकदा तो बंद पडला की पुन्हा उभा करायला वर्षं जातात.

याच काळात एक वेगळं प्रकरण झालं. मार्च २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ग्रासिमला ३०१ कोटी ६१ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा निष्कर्ष असा होता की या तंतूच्या बाजारात कंपनीचं वर्चस्व आहे आणि तिने सूतगिरण्यांना वेगवेगळे भाव लावून त्याचा गैरवापर केला. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं. आपल्या विषयासाठी यातली गोष्ट एवढीच: दोन गिऱ्हाइकांना दोन भाव हाच प्रकार देशाच्या सीमेवर घडला तर एक कायदा लागतो आणि देशाच्या आत घडला तर दुसरा. सीमेवर फक्त भावाचा फरक आणि इजा पाहतात. आत मात्र विकणाऱ्याचं वर्चस्व आहे का, हा प्रश्न आधी येतो. आणि बाहेरचा माल जितका महाग करावा, तितकं आतल्या मोठ्या विक्रेत्याचं बळ वाढतं, हेही विसरता येत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने या तंतूवरची अँटी-डम्पिंग ड्युटी काढून टाकली. त्याआधी फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचीही अशीच ड्युटी सार्वजनिक हिताचं कारण देऊन रद्द केली होती. दोन्ही वेळा वजन पडलं ते माल वापरणाऱ्यांच्या बाजूने.

आपण काय विचारायचं

पुढच्या वेळी "डम्पिंग होतंय" अशी बातमी आली की लगेच बाजू घेण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. मायदेशातला भाव किती, आपल्याकडचा किती? आपल्याकडचा भाव माल काढायच्या खर्चाच्याही खाली आहे का? विकणारे एक-दोन आहेत की वीस? आपल्या गिरण्या बंद पडल्या तर भाव चढवणं त्यांना जमेल का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर डम्पिंग ठरतं. बुडवायचा बेत आहे की नाही, ते बाकीच्या तीन उत्तरांवरून कळतं.

आणि एक कामाची गोष्ट. तपास सुरू झाला की डीजीटीआर तशी जाहीर सूचना काढते आणि साधारण ३० दिवसांत म्हणणं मागवते. नियमांप्रमाणे तो माल वापरणाऱ्या उद्योगांनाही आपली माहिती देता येते. मोठ्या कंपन्यांचे वकील तिथे असतातच. लूमवाल्यांच्या संघटनेनेही सुताच्या खरेदीची बिलं, कापडाचा विक्रीभाव आणि मीटरमागे पडणारा फरक असा दोन पानांचा हिशेब वेळेत दिला, तर तो नोंदीवर येतो. ड्युटी लागून गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा त्या ३० दिवसांत दिलेला कागद जास्त उपयोगी पडतो, कारण शिफारस त्या नोंदीवरूनच लिहिली जाते.